जुन्या वहीतला मण किलोत कसा आणायचा: इंदूरच्या एका नोंदीवरून

इंदुरात मल्हारगंज, सियागंज, सराफा या भागांतली जुनी घरे रिकामी होऊ लागली की माळ्यावरून लाल कापडात बांधलेले दप्तर हमखास निघते. रोजमेळ, खतावणी, आडतियांचे हिशेब, एखादी जीर्ण बिल्टी, म्हणजे रेल्वेने माल पाठवल्याची पावती. घरातले कोणी चिकाटीने अक्षर लावते आणि दिसतो तो गहू, कापूस, गूळ आणि पुढे मण. मग फोनवर शोध घेतला जातो आणि उत्तर येते, एक मण म्हणजे ३७.३२ किलो. लगेच गुणाकार होतो आणि आकडा कौटुंबिक इतिहासात जाऊन बसतो.

तो आकडा बरोबर असू शकतो, किंवा तिपटीने चुकलेलाही असू शकतो. म्हणून माझा आग्रह असतो की गुणाकार अगदी शेवटी करावा. आधी त्या वहीला विचारावे की तुझा मण कोणता. बहुतेक वेळा वही हे सांगते, कारण व्यापाऱ्याने वजन, दर आणि रक्कम तिन्ही लिहून ठेवलेले असतात आणि त्यांचा एकमेकांशी मेळ बसावाच लागतो.

मण एक नव्हता

फोनवर मिळतो तो पक्का मण, ज्याला बंगाली किंवा सरकारी मणही म्हणत. १८३३ साली कंपनी सरकारने रुपयाचे वजन १८० ग्रेन ठरवले आणि तोच तोळा धरला. तो आजच्या ११.६६३८ ग्रॅमचा. असे ८० तोळे म्हणजे एक शेर आणि ४० शेर म्हणजे एक मण. सगळे मिळून ३,२०० तोळे, ८२ २/७ पौंड, ३७.३२४२ किलो.

त्याच काळात मुंबईच्या बाजारात मण होता २८ पौंडांचा, म्हणजे १२.७० किलोचा. मद्रासचा २५ पौंडांचा. सुरतेचा साधारण ३७ १/३ पौंडांचा, म्हणजे १७ किलोंच्या आत. यांतल्या मुंबईच्या मणातही शेर ४०च होते, पण तो शेर फार लहान. त्यामुळे नुसते ‘४० शेरांचा मण’ एवढे कळून काम भागत नाही.

वडोद्याचे कोणी नातेवाईक असतील तर ते सांगतील की मण म्हणजे २० किलो. गुजरातच्या मंडीत आजही भाव त्याच मणाने बोलला जातो. पण हा पूर्ण वीसचा आकडा मेट्रिक मापे आल्यानंतरचा आहे. तो १९१५च्या वहीला लावू नये.

होळकरांच्या राज्याला कंपनीचा नियम आपोआप लागू नव्हता. पेठेत पक्का मण चालत असला तरी शेजारच्या गावचा कच्चा मण, मुंबईच्या आडतियाचा मण आणि रेल्वेचा मण हे सगळे एकाच व्यापाऱ्याच्या दप्तरात एकत्र येऊ शकत. इंदूरचा माल खंडव्याच्या लोहमार्गाने मुंबईला जाऊ लागल्यावर तर हे रोजचेच झाले.

वजन की माप?

पुढे जाण्याआधी एक गोष्ट तपासा. मराठी सरदारांच्या किंवा देवस्थानांच्या मोडी कागदांत धान्यापुढे ‘कैली’ असा शब्द दिसला तर तो मण वजनाचा नाही, मापाचा आहे. पायली भरून मोजलेले धान्य. या मणाच्या पायल्याही जागोजाग वेगळ्या, कुठे १२ तर कुठे १६. त्याला ३७.३२ ने गुणणे सर्वस्वी चूक. तिथे आधी पायली किती लिटरची होती ते हवे आणि मग त्या धान्याचे लिटरमागे वजन, कारण एक लिटर गहू साधारण पाऊण किलोच्या थोडा वर भरतो आणि साळीचे तेवढेच माप त्याहून बरेच हलके असते. इथून पुढे मी ‘वजनी’ मणाबद्दलच बोलतो. पेठेतल्या व्यापारी वहीत बहुतेक तोच असतो.

नोंद वाचणे

मोडी असो, महाजनी असो की साधी देवनागरी, माळव्यातल्या वह्यांत मण आणि शेर शब्दांत क्वचितच लिहिलेले असतात. खुणांवर काम चालते. समजण्यासाठी त्या धाटणीची एक नोंद मी बनवली आहे:

संवत १९७२, कार्तिक शुद्ध. गहू, पोती ३. ५॥।ऽ७॥ दर ४. रुपये २३॥।

आधी वर्ष लावू. विक्रम संवतातून कार्तिकातल्या तिथीसाठी ५७ वजा केले की इसवी सन येतो, म्हणजे १९१५, साधारण नोव्हेंबर. माघ-फाल्गुनातल्या तिथीला ५६ वजा करावे लागतात. वर्ष माहीत असणे गरजेचे आहे, कारण १९५६च्या कायद्यानंतर, ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो आला आणि त्या संधिकाळातल्या वह्यांत दोन्ही मापे शेजारीशेजारी सापडतात.

आता वजन. मधली ऽ ही खूण सगळ्यात महत्त्वाची. तिच्या डावीकडे मण, उजवीकडे शेर. उभ्या रेघा म्हणजे पाव हिस्सा. एक रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. डावीकडच्या रेघा मणाचा पाव सांगतात, म्हणजे प्रत्येक रेघ १० शेरांची. उजवीकडच्या रेघा शेराचा पाव सांगतात. म्हणून ५॥।ऽ७॥ याचे वाचन असे: ५ मण, त्यावर पाऊण मण म्हणजे ३० शेर, आणि पुढे साडेसात शेर. एकूण ५ मण ३७॥ शेर.

इथे दोन ठिकाणी घसरायला होते. पहिले म्हणजे ऽ ही खूण घाईच्या अक्षरात हुबेहूब ८ सारखी दिसते. नवखा वाचक ‘७॥’च्या आधीचा तो ८ मानून साडेसत्त्याऐंशी वाचतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. दहा शेर झाले की त्याची डावीकडे रेघ होते, त्यामुळे खुणेच्या उजवीकडे दहा किंवा त्याहून मोठा आकडा येतच नाही. साडेसत्त्याऐंशी शेर कोणी असे लिहिणार नाही. जिथे असे ‘८’ वजनाच्या प्रत्येक ओळीत, त्याच जागी येत असतील, तिथे ते आठ नाहीत.

दुसरे घसरणे याहून महाग. ५ऽ म्हणजे पाच मण आणि ऽ५ म्हणजे पाच शेर. खूण पुसट झाली, वाळवीने खाल्ली किंवा वाचणाऱ्याने सोडून दिली तर चाळीस पटींचा फरक पडतो. म्हणून नक्कल करताना ही खूण जशी आहे तशी उतरवून घ्या, आपल्या मनाने मण-शेर लिहून टाकू नका.

हिशेब जुळवून पाहणे

वाचन बरोबर आहे की नाही हे रक्कम सांगते. दर ४, म्हणजे मणाला चार रुपये. पाच मणांचे २० रुपये. तीस शेर म्हणजे पाऊण मण, त्याचे ३ रुपये. राहिले साडेसात शेर. मणाला ४ रुपये म्हणजे दहा शेरांचा एक रुपया, तेव्हा साडेसात शेरांचे १२ आणे. बेरीज २३ रुपये १२ आणे. वहीत रक्कम आहे २३॥।, आणि रुपयातही एक रेघ म्हणजे पाव रुपया, चार आणे. तीन रेघा, बारा आणे. जुळले.

या एका जुळणीने दोन गोष्टी सिद्ध होतात. ऽ खुणेचे वाचन बरोबर आहे आणि या वहीचा मण ४० शेरांचाच आहे. एकाच नोंदीवर मात्र थांबू नका. अर्धवट शेर असलेल्या आणखी चार-सहा नोंदी निवडा. पूर्ण मणाच्या नोंदी या कामाला निरुपयोगी, कारण १० मण गुणिले ४ बरोबर ४० रुपये हे मण कितीही शेरांचा असला तरी जुळणारच.

दराच्या बाबतीत एक सवय ठेवा. धान्याचा भाव पुष्कळदा उलट लिहिलेला असतो, रुपयाला किती शेर असा. आपल्या नोंदीत ‘दर १०’ असते तरी उत्तर हेच आले असते: एकूण शेर २३७॥, भागिले १०, बरोबर २३ रुपये १२ आणे. असा दर मणाचा समजून गुणाकार केला तर ५९ रुपयांच्या वर रक्कम जाते आणि वाचक वहीलाच चुकीची ठरवतो. महागाईच्या वर्षी हा उलटा आकडा लहान होतो हेही ध्यानात असू द्या, नाहीतर दुष्काळात गहू स्वस्त झाल्यासारखे दिसेल.

आणि रक्कम थोडीशीच कमी आली तर? समजा वहीत २३॥। ऐवजी २३॥ असते. चार आणे कमी, म्हणजे या भावाने अडीच शेर कमी. इतका बेताचा फरक वाचनाच्या चुकीतून सहसा येत नाही. तो बारदानाचा किंवा कडत्याचा असतो: पोत्याचे वजन, माती-कचऱ्याची सूट. जवळपासच्या ओळीत ‘बारदान वजा’ असे काही आहे का ते पाहा. असेल तर लिहिलेले वजन पोत्यासकट आहे आणि पैसे निव्वळ मालाचे आहेत. किलोत मांडताना कोणते वजन घेतले हे सांगावे लागेल.

शेर किती भाराचा

आतापर्यंत शेरांची संख्या पक्की झाली, शेराचे वजन नाही. रक्कम जुळवून ते कधीच कळत नाही, कारण मुंबईच्या लहान शेराच्या वहीतही ४० शेरांचा हिशेब असाच चोख जुळला असता. इथे पुष्कळ जण घाई करतात.

वहीत शोधायचा शब्द आहे ‘भर’ किंवा ‘भार’. शेर ८० भर म्हणजे ८० रुपयांच्या वजनाचा शेर. असा उल्लेख रोजच्या नोंदीत नसतो, कारण गावाला ठाऊक असलेली गोष्ट कोण लिहील? तो सापडतो तिथे, जिथे दोन बाजार एकमेकांना भेटतात. परगावच्या आडतियाशी नवे खाते उघडताना, वहीच्या पहिल्या पानांवर, एखाद्या करारात, किंवा माल उतरवून घेताना वजनात तफावत निघाली तिथे. ‘पक्के’ असे नुसते लिहिले असेल तर ८० तोळ्यांचा शेर धरायला चांगला आधार मिळतो. ‘कच्चे’ असेल तर त्याला एक ठरलेला आकडा नाही, तो त्या गावचा शोधावा लागतो.

भर कळला की पुढचे सरळ आहे. समजा ८४ भर लिहिले आहे आणि रुपया इंग्रजी आहे, तर मण होतो ८४ गुणिले ४० गुणिले ११.६६३८ ग्रॅम, म्हणजे ३९.१९ किलो. पण रुपया हाली, सालमशाही किंवा वडोद्याकडचा बाबाशाही असेल तर ११.६६३८ चालणार नाही. त्या नाण्याचे वजन वेगळे घ्यावे लागेल, आणि ते घेताना फार झिजलेले नाणे प्रमाण मानू नये.

भराचा उल्लेख कुठेच नसेल तर मी बिल्टी शोधतो. रेल्वेचे दर पक्क्या मणावर, ८२ २/७ पौंडांच्या, आकारले जात. एकच माल वहीत आणि बिल्टीवर दोन्हीकडे सापडला तर ही सर्वांत भक्कम साक्ष. वहीत ५० मण आणि बिल्टीत त्याच मालाचे २६ मण असतील, तर वहीचा मण आहे ३७.३२ चे ५० भागात २६ भाग, म्हणजे सुमारे १९.४ किलो. दोन्हीकडे आकडा जवळपास एकच असेल तर वहीचा मणही पक्काच. बिल्टीचे वजन पोत्यासकट असते, त्यामुळे थोडा फरक राहणारच. तो शोधत बसू नका.

बिल्टीही नसेल तर पोती मोजा. आपल्या नोंदीत ५ मण ३७॥ शेर तीन पोत्यांत आहेत, म्हणजे पोत्याला सुमारे ७९ शेर. पक्क्या मणाने एक पोते ७४ किलोंचे होते, हमालाच्या पाठीवर रोज जाणारे वजन. मुंबईच्या मणाने तेच पोते २५ किलोंचे होते, आणि गव्हाच्या ठोक व्यापारात कोणी पोती तिसरा हिस्सा भरून पाठवत नाही. हा पुरावा अंदाजाचा आहे, १९ आणि ३७ यांत निवाडा करायला अपुरा पडू शकतो. पण १२.७ आणि ३७.३ यांतला फरक तो नक्की दाखवतो.

आता किलो

आपल्या नोंदीत, समजा, वहीच्या पहिल्या पानावर ‘शेर ८० भर’ मिळाले आहे आणि पोत्यांचा अंदाजही त्याच बाजूचा आहे. एकूण शेर २३७॥. एक शेर ०.९३३१ किलो. गुणाकार २२१.६१ किलो.

बऱ्याच नोंदी करायच्या असतील तर संगणकावर तीन रकाने करा: A मध्ये मण, B मध्ये सगळे शेर (रेघांचे १०-२०-३० धरून), C मध्ये शेराचे तोळे. चौथ्या रकान्यात हे सूत्र लिहा:

```
=(A2*40+B2)*C2*0.0116638
```

A मध्ये ५, B मध्ये ३७.५ आणि C मध्ये ८० भरले की २२१.६१ येते. तोळ्यांचा रकाना वेगळा ठेवण्याचे कारण असे की उद्या शेर ८४ भराचा होता असे कळले तर एक रकाना बदलून सगळी यादी दुरुस्त होते. थेट ३७.३२ ने गुणलेली यादी पुन्हा मुळापासून करावी लागते.

लिहिताना मात्र ‘सुमारे २२२ किलो’ एवढेच लिहा. दुकानातला काटा आणि झिजलेली वजने यांच्याकडून ग्रॅमचा नेमकेपणा मिळालेला नाही, तो आपण दशांशातून निर्माण करू नये.

त्याच दप्तरातले मुंबईचे खाते

पाने उलटत गेलात की कुठेतरी मुंबईच्या आडतियाचे खाते लागेल. तिथे सगळा नियम बदलतो आणि वहीत तसे कुठे लिहिलेले नसते.

कापसाचेच घ्या. मुंबईत कापूस खंडीने विकला जाई आणि कापसाची खंडी २८ मुंबई मणांची, म्हणजे ७८४ पौंडांची. इतर मालाची खंडी २० मणांची, ५६० पौंडांची. कापसाच्या बाजारात आजही खंडी म्हणजे ३५६ किलो धरतात, ती हीच ७८४ पौंडांची खंडी.

समजा इंदुरातून दहा गाठी गेल्या, प्रत्येक गाठ अर्ध्या खंडीची. मुंबईच्या हिशेबात झाल्या ५ खंडी, म्हणजे १४० मण. पौंडांत ३,९२०, किलोत १,७७८. हाच कापूस इंदूरच्या खरेदी खात्यात पक्क्या मणाने तोलला गेला असेल तर तिथे दिसेल सुमारे ४७ मण २५॥ शेर. एका पानावर ४७ आणि दुसऱ्यावर १४०. दोन्ही बरोबर आहेत. ज्याला हे ठाऊक नाही तो एक तर व्यापाऱ्याने माल दडवला असे म्हणतो किंवा दोन वेगळ्या खरेद्या धरून उलाढाल फुगवतो.

हे ओळखायला गुणोत्तर पाठ ठेवा. पक्का मण मुंबईच्या मणाच्या जवळजवळ २.९४ पट आहे. एकाच मालाचे दोन आकडे या पटीत दिसले की मुंबईचा मण आला आहे असे समजा आणि त्या खात्याच्या माथ्यावर पेन्सिलीने नाही, आपल्या नकलेत नोंदवा. मूळ पानाला हात लावू नका. खंडी दिसली तर माल कोणता आहे ते पाहिल्याशिवाय २० की २८ हे ठरवू नका.

नकलेत प्रत्येक नोंदीसाठी मी चार गोष्टी शेजारीशेजारी ठेवतो: वहीतले मूळ वजन खुणांसकट, त्याचे मण-शेरातले वाचन, कोणता मण धरला आणि कशावरून, आणि शेवटी किलो. तिसरा रकाना ‘शेर ८० भर, पान पहिले’ किंवा ‘बिल्टीवरून’ किंवा ‘पोत्यांवरून अंदाज’ असा भरतो. जिथे काहीच आधार सापडला नाही तिथे किलोचा रकाना कोरा राहू द्यावा आणि मण मणातच ठेवावा.